झिरो डेप असूनही अकरा हजार का भरावे लागले?

पत्र: ताई, नमस्कार. फेब्रुवारीत सांगलीत आयुष्यातली पहिली गाडी घेतली, 1197 सीसीची पेट्रोल. शोरूममधल्या इन्शुरन्सच्या मुलाने झिरो डेप घ्यायला लावलं आणि म्हणाला, “आता काहीही झालं तरी खिशातून एक रुपया जाणार नाही.” मागच्या महिन्यात माझ्या मेहुण्याची गाडी पुढून ठोकली गेली. गाडी चौदा महिन्यांची, इंजिन माझ्याएवढंच, झिरो डेप त्याच्याकडेही. तरी 68,000च्या बिलातले 11,000 त्याला भरावे लागले. त्याचं बिल आणि पॉलिसी सोबत पाठवतोय. माझे पैसे वाया गेले का? आणि पुढच्या वर्षी हे परत घ्यायचं का?

उत्तर: बिल आणि पॉलिसी दोन्ही पाठवलंत हे फार बरं केलंत. मी बरीच वर्षं मोटर क्लेमच्या कामात घालवली. त्या काळात भेटलेल्या बहुतेक माणसांची तक्रार “कंपनीने पैसे कापले” एवढीच असायची. कापले म्हणजे नेमके कशापोटी, ते कागद समोर असल्याशिवाय कळत नाही. मेहुण्यांचे कागद मी ओळ अन् ओळ पाहिले. त्यांचे पैसे वाया गेलेले नाहीत. झिरो डेप नसतं तर त्यांना 23,300 रुपये भरावे लागले असते.

आधी ‘डेप’ म्हणजे काय ते बघू. डेप म्हणजे डेप्रिसिएशन, आपल्याकडे हिशेबात ज्याला घसारा म्हणतात तो. गाडीचा जुना भाग काढून त्याजागी नवा बसवला, तर विमा कंपनी म्हणते की तुमचा भाग वापरलेला होता, त्यामुळे नव्याची पूर्ण किंमत आम्ही देणार नाही. साध्या पॉलिसीत हा घसारा कापूनच पैसे मिळतात. तो किती कापायचा याचे दर ठरलेले आहेत आणि ते पॉलिसीच्या अटींत छापलेले असतात. पत्र्याच्या आणि धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 10, तिसऱ्या वर्षी 15, चौथ्यात 25 आणि पाचव्यात 35. काचेला घसारा नाही, ती कधीही पूर्ण मिळते.

नव्या गाडीच्या मालकांची चूक होते ती प्लॅस्टिकबाबत. “गाडी तर नवीकोरी, तिला घसारा कुठला?” असं सगळ्यांनाच वाटतं. पण प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर वय न बघता पहिल्या दिवसापासून 50 टक्के कापले जातात. शोरूममधून गाडी घरी आणताना कोपऱ्यावर बंपर फुटला, तरी साध्या पॉलिसीत त्याचे निम्मेच पैसे मिळतील. आजच्या गाडीच्या तोंडाशी काय काय असतं ते बघा. बंपर, ग्रिल, हेडलाइटचं अख्खं युनिट, चाकावरचं आतलं अस्तर, सगळं प्लॅस्टिक. गाडी ठोकली की सर्वांत आधी हेच फुटतं. म्हणून झिरो डेपचा खरा उपयोग पत्र्यापेक्षा प्लॅस्टिकला होतो आणि तो पहिल्या दिवसापासून होतो.

आता मेहुण्यांचं बिल. सगळे आकडे कर धरून आहेत. पुढचा बंपर 8,000 आणि हेडलाइट 10,000, म्हणजे प्लॅस्टिक 18,000. बॉनेट 12,000 आणि एसीचा कंडेन्सर 6,000, म्हणजे धातू 18,000. समोरची काच 9,000. रंगकाम 12,000, मजुरी 6,000. एसीचा गॅस, क्लिपा आणि नटबोल्ट मिळून 1,800. शेवटची ओळ आहे मागच्या डाव्या दाराचं डेंटिंग आणि रंग, 3,200. बेरीज 68,000.

साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या 18,000वर निम्मे, म्हणजे 9,000 कापले गेले असते. गाडी दुसऱ्या वर्षात आहे, म्हणून धातूवर 10 टक्के, म्हणजे 1,800. रंगात थोडी गुंतागुंत आहे. घसारा फक्त रंगाच्या सामानावर लागतो, रंगवणाऱ्याच्या मजुरीवर नाही. बिलात दोन्ही वेगळे दाखवले नसतील तर एकूण रंगकामाचा चौथा हिस्सा सामान धरायचा आणि त्याचे 50 टक्के कापायचे, असा नियम आहे. इथे 12,000चा चौथा हिस्सा 3,000, त्याचे निम्मे 1,500. तिन्ही मिळून 12,300 रुपये. झिरो डेपने नेमके हे 12,300 वाचवले. झिरो डेपचं काम तेवढंच आहे. साध्या पॉलिसीत घसाऱ्यापोटी जी रक्कम कापली गेली असती ती भरून देणं. बिलाच्या बाकी कुठल्याही ओळीला ते हात लावत नाही.

मग 11,000 कुठून आले? यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले 1,000 हे सक्तीचं डिडक्टिबल. प्रत्येक क्लेममध्ये गाडीमालकाने स्वतः सोसायचा हा वाटा आहे. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 आणि त्यावरच्या गाडीला 2,000. झिरो डेप घेतल्याने तो माफ होत नाही. म्हणजे शोरूममधल्या त्या मुलाचं “एक रुपया जाणार नाही” हे वाक्य तुमच्या पॉलिसीच्या पहिल्याच पानावर खोटं ठरतं. डिडक्टिबलची ओळ तिथेच असते.

त्यानंतरचे 5,000 हे मेहुण्यांनी स्वतः मान्य केलेलं, म्हणजे ऐच्छिक डिडक्टिबल. त्यांनी यंदाचं नूतनीकरण ऑनलाइन केलं. तिथे “हप्ता कमी करा” अशा अर्थाचा पर्याय येतो आणि खाली 2,500, 5,000, 7,500, 15,000 असे आकडे असतात. त्यांनी 5,000 निवडलं. त्याचा अर्थ, प्रत्येक क्लेममध्ये सक्तीच्या हजाराशिवाय आणखी 5,000 मी भरीन. बदल्यात हप्त्यात मिळालेली सवलत फार तर हजार-दीड हजाराची असते. शिकाऊ हाताने शहरात गाडी चालवणाऱ्याने हा सौदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झिरो डेपसाठी जास्तीचा हप्ता भरायचा आणि दुसऱ्या हाताने त्यातलं निम्मं संरक्षण परत देऊन टाकायचं, असं होतं ते. तुमच्या पॉलिसीत ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ या ओळीसमोर शून्य आहे ना, ते आजच बघा.

तिसरी रक्कम 1,800, ती कंझ्युमेबल्सची. एकदा वापरलं की संपतं असं सामान म्हणजे इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस, ग्रीस, नटबोल्ट, क्लिपा, वॉशर. साधी पॉलिसी याचे पैसे देत नाही. तो घसारा नव्हे, त्यामुळे झिरो डेपही देत नाही. त्यासाठी कंझ्युमेबल्सचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जास्तीचा हप्ता भरून पॉलिसीला जोडायचं संरक्षण, वेगळं मिळतं. त्याचा हप्ता सहसा झिरो डेपच्या मानाने बराच कमी असतो. मेहुण्यांकडे ते असतं तर हे 1,800 सुटले असते.

राहिले 3,200, मागच्या दाराचे. हे पैसे कंपनीने नाकारले ते बरोबरच केलं. अपघात पुढून झाला आणि दारावरचा पोचा जुना होता. “आता क्लेम आहेच तर हेही करून घेऊ” असं वर्कशॉपवाले सुचवतात आणि आपणही हो म्हणतो. नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर मात्र अपघात कसा झाला ते लिहून घेतो आणि प्रत्येक मार त्याच्याशी पडताळतो. जुन्या पोच्यात धूळ बसलेली असते, उघड्या पत्र्यावर गंज धरलेला असतो, ओरखड्याची दिशा जुळत नाही. मी पाहिलेल्या एका क्लेममध्ये मालकाने असा जुना पोचा घुसवण्यासाठी अपघाताची हकीकतच बदलून सांगितली आणि त्या विसंगतीमुळे त्याचा खरा क्लेमही दोन महिने अडकून पडला. असं कधी करू नका. जे काम अपघाताचं नाही त्याचं बिल वेगळं करायला सांगा.

1,000, 5,000, 1,800 आणि 3,200. झाले 11,000. यात घसाऱ्याचा एक रुपयाही नाही.

बिलावरून दिसत नाहीत अशाही तीन जागा आहेत जिथे झिरो डेप थांबतं, आणि तुम्ही सांगलीचे आहात म्हणून त्यातल्या पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या दारात उभ्या असतानाच बुडाल्या. पूर हा साध्या पॉलिसीतच धरलेला धोका आहे. त्यामुळे भिजलेलं वायरिंग, सीट, आतले प्लॅस्टिकचे भाग यांचा क्लेम होतो आणि झिरो डेप असेल तर तिथला घसाराही वाचतो. इंजिनाचं मात्र वेगळं आहे. उभ्या गाडीत हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरपर्यंत पोचलेलं असतं. पाणी ओसरल्यावर आपण काळजीने किल्ली फिरवून बघतो. पिस्टन वर येतो, पण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो, आणि खर्च लाखाच्या घरात जातो. कंपनी म्हणते, पुराने इंजिन भिजलं, पण मोडलं ते चालू केल्यामुळे. अशा मागाहून ओढवलेल्या नुकसानीला पॉलिसीत ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ म्हणतात आणि ते वगळलेलं असतं. मुख्य पॉलिसीतच जागा नसलेल्या नुकसानीवर झिरो डेप काहीच करू शकत नाही. इंजिन उघडल्यावर वाकलेला रॉड सर्व्हेअरला दिसतोच, तिथे वाद घालून उपयोग नसतो.

म्हणून पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर चढलं असेल, किंवा भरल्या रस्त्यात गाडी बंद पडली असेल, तर किल्लीला किंवा बटणाला हात लावू नका. दारावर पाण्याची रेषा उमटलेली असते, तिचे फोटो काढा. कंपनीला फोन करून क्लेम नोंदवा आणि गाडी टोइंगनेच वर्कशॉपला न्या. बाकी इंजिनासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं अ‍ॅड-ऑन असतं. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने ते घ्यावंच असं मला वाटतं. पण काही कंपन्यांच्या अटींत त्यातही पाण्यात गाडी पुन्हा चालू केली किंवा कळवायला उशीर केला तर नकार आहे, म्हणून वरचा नियम ते असतानाही पाळायचा.

दुसरी जागा गाडी पूर्णच गेल्याची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, तिला टोटल लॉस धरते. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची विमा किंमत. समजा तुम्ही आठ लाखांची गाडी घेतलीत आणि दुसऱ्या वर्षीच्या पॉलिसीत आयडीव्ही साडेसहा लाख आहे. दुरुस्तीचा अंदाज 4,87,500च्या वर गेला तर तुम्हाला साडेसहा लाखांतून डिडक्टिबल वजा करून पैसे मिळतील. गाडी चोरीला गेली तरी तसंच. इथे “माझ्याकडे झिरो डेप आहे, मला आठ लाख द्या” असं म्हणता येत नाही. झिरो डेप सुट्या भागांच्या घसाऱ्यासाठी आहे, अख्ख्या गाडीच्या उतरलेल्या किमतीसाठी नाही. गाडीच्या खरेदीच्या बिलाची पूर्ण रक्कम परत हवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे आणखी वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. कर्जावर गाडी घेतली असेल आणि हप्ते नुकते सुरू झाले असतील तर पहिली दोन-तीन वर्षं ते घेण्यात अर्थ आहे.

तिसरी जागा टायर आणि बॅटरीची. खड्ड्यात टायर फाटला आणि गाडीला बाकी काही झालं नाही, तर साधी पॉलिसी काहीच देत नाही. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तर निम्मे देते. झिरो डेपने ते निम्म्याचे पूर्ण होतील असं धरून चालू नका. अनेक कंपन्यांच्या झिरो डेपच्या अटींत टायर आणि बॅटरी बाहेर ठेवलेले असतात. तुमच्या अ‍ॅड-ऑनच्या कलमात हे दोन शब्द शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच कलमात आणखी एक आकडा सापडेल, तो म्हणजे वर्षात झिरो डेपचे किती क्लेम. बऱ्याच योजनांत ते दोनच असतात. तिसरा क्लेम होतो, पण घसारा कापून. म्हणून हा क्लेम कशावर खर्च करायचा याचा विचार लागतो. समजा पार्किंगमध्ये बंपर घासला आणि वर्कशॉपने 3,500 सांगितले. क्लेम केलात तर हजार वजा होऊन 2,500 मिळतील. पण वर्षभर क्लेम न केल्याबद्दल नूतनीकरणाला जी 20 टक्के सूट मिळते, ती एनसीबी गेली. तुमच्या ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता 9,000 असेल तर तिथेच 1,800 गेले. त्यापुढच्या वर्षी 25 टक्क्यांवर जायचं होतं, तिथे पुन्हा 20पासून सुरुवात. वर दोनातला एक क्लेमही संपला. असा खर्च खिशातून करावा. मेहुण्यांसारखं बिल आलं तर मात्र क्षणभरही विचार न करता क्लेम करावा. फक्त सर्व्हेअरने पाहण्याआधी वर्कशॉपला गाडी खोलू देऊ नका आणि अंदाजपत्रकाची प्रत स्वतःजवळ ठेवा. कुठल्या ओळीला किती मंजूर झाले हे कामाच्या आधीच विचारलं की गाडी ताब्यात घेताना धक्का बसत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पुढच्या वर्षी झिरो डेप घ्या, आणि त्यानंतरही कंपनी देईल तोवर घ्या. लोक उलटं करतात. गाडी नवी असताना हौसेने घेतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी “आता जुनी झाली” म्हणून सोडून देतात. मेहुण्यांचाच अपघात गाडी पाचव्या वर्षात असताना झाला असता तर धातूवरचा घसारा 10च्या जागी 35 टक्के, म्हणजे 1,800ऐवजी 6,300 झाला असता आणि एकूण कपात 12,300ऐवजी 16,800. गाडी जितकी जुनी तितकं झिरो डेप जास्त वाचवतं. म्हणूनच कंपन्या त्याला वयाची मर्यादा घालतात. बहुतेक ठिकाणी ती पाच वर्षांच्या आसपास असते, काही कंपन्या त्यापुढेही देतात. पाचवं वर्ष उलटताना दोन-तीन कंपन्यांकडे विचारून बघायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. नव्या खासगी गाडीला सप्टेंबर 2018पासून थर्ड पार्टीचा विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र सहसा एकाच वर्षाचा असतो आणि झिरो डेप त्यालाच जोडलेलं असतं. त्यामुळे तुमच्या पॉलिसीवर शेवटच्या दोन तारखा असतील, एक पुढच्या फेब्रुवारीतली आणि दुसरी त्याच्या दोन वर्षं पुढची. लोक लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात. ठोकल्यावर कळतं की समोरच्याच्या नुकसानीपुरताच विमा उरला आहे, स्वतःच्या गाडीला काहीच नाही. ओन डॅमेजमध्ये खंड पडला की गाडीची तपासणी मागतात, झिरो डेप नाकारलंही जातं आणि 90 दिवस उलटले की एनसीबीही जाते. जानेवारीच्या अखेरीस नूतनीकरण करा. ऑनलाइन करणार असाल तर हप्ता भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर थांबा, आणि ऐच्छिक डिडक्टिबल शून्य आहे, झिरो डेप, कंझ्युमेबल्स आणि इंजिन प्रोटेक्ट या तिन्हींसमोर खूण आहे, हे बघूनच पैसे भरा.